एका मिनिटाच्या गप्पा कशा लिहाव्या आणि वाचाव्या: पाळी, हुंकार, दुरुस्ती आणि शांतता

भाषाशास्त्र, समाजशास्त्र, नाटक किंवा समुपदेशन शिकणाऱ्या अनेकांना कधी ना कधी सांगितलं जातं, "रोजचं एक संभाषण रेकॉर्ड करून त्याचं विश्लेषण करा." नेमकं काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही. मग विद्यार्थी संवाद नाटकासारखा लिहून काढतो, खाली "दोघींमध्ये जिव्हाळा दिसतो" असं लिहितो आणि थांबतो. या लेखात मी एक मिनिट घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंतची वाट दाखवणार आहे.

संभाषण-विश्लेषण नावाची ही पद्धत अमेरिकेत सुरू झाली. १९६३-६४ मध्ये समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात आलेले फोन ऐकत होते. बोलणारे एकमेकांच्या शब्दांना शब्द कसे जोडतात, याकडे ते तिथे बारकाईने पाहू लागले. पुढे इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांच्यासोबत त्यांनी १९७४ मध्ये पाळीच्या, म्हणजे कुणी कधी बोलायचं याच्या, नियमांवर लेख लिहिला. बोलण्यातली अडचण निस्तरण्यावरचा, म्हणजे दुरुस्तीवरचा, तिघांचा लेख १९७७ मध्ये आला, पण तोवर सॅक्स अपघातात गेले होते. आज आपण जी चिन्हं वापरतो ती मुख्यतः जेफरसन यांनी घडवली.

आधी हे जमवा

- बोलणाऱ्या सगळ्यांची लेखी संमती. त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: रेकॉर्डिंग कोण ऐकणार, नावं बदलणार का, आणि नंतर "पुसून टाक" म्हणाल्यास पुसणार का. मध्येच शेजारी किंवा कामवाल्या मावशी आल्या, तर त्यांनाही विचारा. त्या नको म्हणाल्या तर तेवढा भाग वगळा.
- फोन किंवा छोटा रेकॉर्डर. शक्य असेल तर दुसरा फोन व्हिडिओसाठी, कारण मान डोलावणं आवाजात येत नाही.
- वायरचे इयरफोन.
- संगणकावर Praat आणि ELAN. दोन्ही मोफत आहेत. पहिलं शांतता मोजायला, दुसरं आवाजाशी ओळी जोडायला.
- एक वही. कोण कुठे बसलं होतं, हातात काय काम होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

१. फोनवरचं बोलणं घेऊ नका, समोरासमोरचं घ्या

फोन कॉल सोपा वाटतो, पण मोबाइलवर आवाज पोचायला वेळ लागतो. तुमच्या टोकाला ऐकू आलेली अर्ध्या सेकंदाची शांतता पलीकडच्या माणसाने तेवढी घेतलेलीच नसते. वेळ मोजायचा असेल तर दोघं एका खोलीत हवेत.

माझी पसंती हातात काम असलेल्या माणसांना. भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, शेंगा सोलणं. नजर कामावर असते, त्यामुळे मान डोलावण्याऐवजी तोंडाने हुंकार दिले जातात आणि ते रेकॉर्ड होतात. कॅमेऱ्याचा विसरही लवकर पडतो. अर्धा तास चालू ठेवा आणि पहिली दहा मिनिटं वापरू नका.

फोन ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटाशेजारी ठेवू नका, भांड्याचा प्रत्येक धक्का आत येतो. खाली टॉवेलची घडी ठेवा. पंखा बंद करा, मिक्सर लावायचा असेल तर आधीच लावून घ्यायला सांगा.

सगळ्यात मोठा धोका ॲपच्या सेटिंगमध्ये असतो. काही रेकॉर्डर "शांत भाग गाळा" किंवा "आवाज आला की सुरू" अशी सोय देतात. ती चालू राहिली तर ज्याचा अभ्यास करायचा तेच गळून जातं, आणि नंतर ते परत आणता येत नाही. गोंगाट कमी करणारी सोयही बंद ठेवा, ती हलका "हं" खाऊन टाकते.

२. एकच मिनिट निवडा आणि कानाला ऐकू येईल तसं लिहा

एका मिनिटाला तास-दीड तास सहज जातो, तेव्हा हावरटपणा नको. सलग एक मिनिट घ्या. मध्ये कंटाळवाणं वाटलं तरी तोडू नका.

पहिल्या फेरीत फक्त शब्द लिहा, पण उच्चारले तसे. "येता आहात" नाही, "येताय". "ढकललेले आहे" नाही, "ढकललंय". शाळेत घोटून घेतलेलं शुद्धलेखन इथे आड येतं. हात आपोआप वाक्य पूर्ण करतो, "अं" गाळतो, अडखळणं पुसतो. प्रत्येक ओळ लिहिल्यावर तीच पुन्हा ऐकून पडताळा.

३. चिन्हं घाला

सुरुवातीला एवढी पुरेत:

```
(०.७)      शांतता, सेकंदांत
(.)        चाहूल लागेल इतकीच शांतता
[१   ]१    एकाच वेळी बोललेला भाग
=          मध्ये फट न ठेवता जोडलेलं
-          शब्द मध्येच तुटला
ऽ          लांबवलेला स्वर
((  ))     लिहिणाऱ्याची टीप
```

देवनागरीत दोन अडचणी येतात. मूळ पद्धतीत स्वर लांबवल्याचं दाखवायला विसर्गासारखी दोन टिंबं वापरतात. मराठीत ती "अः" अशी वाचली जातात, म्हणून अवग्रह वापरा, तो आपल्याला ओळखीचा आहे. दुसरी अडचण एकत्र बोलण्याची. टंकलेखन यंत्रावर प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असे, त्यामुळे कंस एकाखाली एक यायचे. देवनागरीत जोडाक्षरांमुळे ते सरकतात. जागा सोडून जुळवत बसू नका, कंसांना क्रमांक द्या.

शांतता मोजताना Praat मध्ये आधीच्या आवाजाचा शेवट ते पुढच्या आवाजाची सुरुवात एवढा पट्टा निवडा. पुढचा शब्द "क", "ट", "प" अशा वर्णाने सुरू होत असेल तर तोंड बंद असतानाचा क्षणही शांततेत मोजला जातो. म्हणून शंभराव्या भागाच्या मागे लागू नका, दहाव्या भागावर थांबा.

हे माझ्याकडचं एक मिनिट. दोन बहिणी मेथी निवडतायत. थोरलीकडे रविवारी सत्यनारायण आहे. नावं बदललेली आहेत.

```
१  ताई:  मग रविवारी येताय ना तुम्ही [१ सगळे ]१
२  रेखा: [१ हो हो ]१
३       (०.९)
४  रेखा: म्हणजे मी आणि मुलं तर येतोच
५       (०.४)
६  ताई:  आणि मिलिंद?
७       (१.१)
८  रेखा: च्च अंऽऽ बघते ना. त्याचं ते- (०.३) हे आहे ना
९       ऑडिट
१० ताई:  हं
११ रेखा: ते शनिवारी आपलं शुक्रवारी संपणार होतं=
१२ ताई:  =हं
१३ रेखा: तर ते आता पुढं ढकललंय [२ सोमवारपर्यंत ]२
१४ ताई:  [२ अरे देवा ]२
१५ रेखा: पण नैवेद्याला तरी येईल
१६      (०.७)
१७ ताई:  अं?
१८ रेखा: जेवायला. जेवायला येईल म्हणते
१९ ताई:  हां मग झालं तर
२०      (६.०) ((दोघी निवडत राहतात))
२१ ताई:  ही जुडी जरा (.) मातकटच आहे
```

४. एकत्र बोलणं दिसलं की आधी जागा पाहा

नवखा माणूस पहिल्या दोन ओळी पाहून लिहितो, "रेखाने ताईचं बोलणं तोडलं." रेखा नेमकी कुठे सुरू झाली ते बघा. "मग रविवारी येताय ना तुम्ही" इथे प्रश्न पूर्ण झाला आहे. खरं तर "येताय ना" वरच झाला होता. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं, त्यामुळे ते ऐकू आलं की वाक्य संपत आल्याचं कळतं. पण बोलताना आपण क्रियापदानंतरही बरंच काही जोडतो: "ना", "का", "तुम्ही", "काल", "मुंबईहून". पुढची व्यक्ती क्रियापदावर तयार होते, आणि शेपटाला तिचा आवाज भिडतो.

पुढच्याला इतकं आधी तयार राहावंच लागतं. एक शब्द मनात जुळवून तोंडातून बाहेर यायला साधारण अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, आणि दोन पाळ्यांमधली फट मात्र बहुतेक वेळा त्याहून पुष्कळ लहान असते. म्हणजे ऐकणारा समोरचं वाक्य चालू असतानाच त्याचा शेवट ओळखतो आणि उत्तर रचायला लागतो. शेवटाच्या आसपास आवाज भिडणं हा त्याचाच परिणाम. तोडणं म्हणायचं असेल तर ते वाक्याच्या ऐन मध्यात, संपायचं काहीही चिन्ह नसताना व्हायला हवं. आणि तेव्हाही बोलणाऱ्याने आवाज चढवला का, शब्द पुन्हा म्हटला का, की निमूट सोडून दिलं, हे पाहायचं.

इथे त्या शेपटातच मेख आहे. रेखाने "हो हो" म्हटलं तेव्हा "सगळे" हा शब्द नुकता बाहेर पडत होता. "सगळे" ला तिचं उत्तर "हो" नाही. म्हणून चौथ्या ओळीत "म्हणजे" म्हणून ती आपलंच उत्तर आवरतं घेते. "मी आणि मुलं तर येतोच" यातल्या "तर" आणि "च" मुळे यादीतला एक माणूस उरलेला आहे हे ऐकू येतं, आणि ताईला ते आलं: "आणि मिलिंद?"

५. प्रत्येक शांततेला विचारा: ही कुणाची?

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. १९७४ च्या लेखातले नियम थोडक्यात असे: बोलणाऱ्याने पुढच्याला नेमलं असेल (प्रश्न विचारून, नाव घेऊन) तर त्यानेच बोलायचं. नेमलं नसेल तर जो आधी सुरू करेल त्याची पाळी. कुणीच सुरू केलं नाही तर आधीचाच पुढे चालू ठेवू शकतो. हे नियम हाताशी घेऊन आपल्या शांतता तपासू.

ओळ ३, ०.९ सेकंद. रेखाने उत्तर दिलं, कुणाला नेमलं नाही. ताई सुरू करत नाही. मग रेखाच पुढे बोलते. हा तिसरा नियम.

ओळ ७, १.१ सेकंद. ताईने प्रश्न विचारला आहे, पाळी रेखाची आहे, आणि ती बोलत नाही. ही शांतता पूर्णपणे रेखाची. होकार झटकन येतो, नकार रेंगाळत येतो. आठव्या ओळीत उशीर, "च्च", "अंऽऽ", मग "बघते ना" आणि लगेच कारण. "नाही" हा शब्द रेखा कुठेच उच्चारत नाही, तरी तो सातव्या ओळीपासून ऐकू येतो.

ओळ ८ मधले ०.३ सेकंद एकाच पाळीच्या आतले आहेत. "ते-" नंतर वाक्य लटकलेलं आहे, त्यामुळे ताई मध्ये शिरत नाही.

ओळ २०, तब्बल सहा सेकंद. कुणी नेमलं नाही, विषय "झालं तर" ने मिटला, हात चालू आहेत. ही कुणाचीच नाही आणि कुणाला खुपतही नाही. हेच सहा सेकंद सातव्या ओळीत पडले असते तर ताईने विचारलं असतं, "काय गं, काही झालंय का?" म्हणून सेकंदांचा आकडा एकटा काही सांगत नाही.

"मग किती म्हणजे उशीर?" हा प्रश्न येतोच. २००९ मध्ये दहा भाषांतल्या हो-नाही प्रश्नांची उत्तरं मोजली गेली. सरासरी फट ०.२ सेकंदांच्या आसपास निघाली. जपानी सर्वांत जलद, डॅनिश सर्वांत सावकाश, तरी प्रत्येक भाषा सरासरीपासून साधारण पाव सेकंदाच्या आतबाहेरच. जेफरसन यांना इंग्रजी संभाषणांत साधारण एका सेकंदाजवळ माणसं काहीतरी हालचाल करताना दिसली होती. त्या दहा भाषांत मराठी नव्हती, तेव्हा ते आकडे आपल्या रेकॉर्डिंगवर पट्टीसारखे लावू नका. त्याच दोन माणसांची साधी, बिनतक्रार उत्तरं त्याच रेकॉर्डिंगमधून आठ-दहा शोधा आणि मोजा. या दोघींची ती ०.१ ते ०.३ मध्ये होती. त्यांच्यापुढे १.१ किती मोठा, ते मग आपोआप दिसतं.

६. हुंकार वेगवेगळे करा

"हं, हो, बरं, अच्छा, हो का, अगं बाई" हे सगळं एका खात्यात टाकणं ही नेहमीची चूक. निदान दोन खाती करा.

पहिलं "चालू दे" चं. ओळ १० आणि १२ मधले "हं". दोन्ही ठिकाणी रेखाचं वाक्य पुरतं झालं होतं, ताईला पाळी घेता आली असती. तिने हुंकार देऊन ती संधी सोडली. म्हणजे हा हुंकार "मी ऐकतेय" एवढंच सांगत नाही, "तुझं अजून संपलेलं नाही हे मला कळतंय" असं सांगतो.

दुसरं दाद देण्याचं. ओळ १४ मधलं "अरे देवा" बातमी काय आहे ते ओळखून दिलेलं आहे, आणि ते "ढकललंय" वर येतं, वार ऐकायचीही वाट न पाहता. इथे "हं" टाकून बघा. ताई थंड वाटेल. उलट दहाव्या ओळीत "अरे देवा" टाका. नुसत्या "ऑडिट" शब्दावर ते विचित्र वाटेल. ही अदलाबदलीची चाचणी प्रत्येक हुंकारावर करून बघा, त्याचं काम लगेच उघड होतं.

"हो का" वर मात्र सावध राहा. एका सुरात ते "सांग पुढे" असतं, दुसऱ्या सुरात "मला पटलेलं नाही". सूर लिहून ठेवल्याशिवाय त्याचं खातं ठरवू नका.

७. दुरुस्ती: कुणी अडवलं आणि कुणी सोडवलं

दुरुस्ती म्हणजे केवळ चूक सुधारणं नाही. शब्द न आठवणं, ऐकू न येणं, न समजणं हे सगळं त्यात येतं. प्रत्येक ठिकाणी दोन वेगळे प्रश्न विचारा: अडचण कुणी दाखवली, आणि निस्तरली कुणी?

ओळ ११: "शनिवारी आपलं शुक्रवारी". रेखानेच दाखवली, तिनेच निस्तरली, त्याच वाक्यात. मराठी बोलण्यात "आपलं" हे काम अगदी चोख करतं. मागचा शब्द पुसा, पुढचा घ्या, बाकी वाक्य तसंच. "नाही नाही" हा त्याचा जास्त ठसठशीत भाऊ.

ओळ ८-९: "त्याचं ते- हे आहे ना ऑडिट". शब्द सापडेपर्यंत "हे" जागा अडवून धरतं. "ते" नपुंसकलिंगी आहे आणि पुढे आलेलं "ऑडिट" ही. म्हणजे तोंडात शब्द आला नव्हता तरी त्याचं लिंग जुळलेलं होतं. असे "हे", "ह्याला", "त्या ह्याचं" जपून लिहा.

ओळ १७: "अं?". इथे अडचण ताईने दाखवली, पण निस्तरायचं काम रेखावर सोडलं. १९७७ च्या लेखाचा गाभाच हा: स्वतःची दुरुस्ती स्वतः करायची संधी बोलणाऱ्याला आधी मिळते. सोळाव्या ओळीतले ०.७ सेकंद त्या संधीचे आहेत. ताई "अं?" म्हणायला थोडी थांबते, रेखा स्वतःहून काही बदलते का ते बघत.

"अं?" नेमकी कुठली अडचण आहे ते सांगत नाही. असा छोटा प्रश्नार्थक उद्गार जगभर आढळतो. २०१३ मध्ये ३१ भाषांतले असे उद्गार तपासले तेव्हा ते एकमेकांशी कमालीचे मिळतेजुळते निघाले. त्याच्यापुढे पायऱ्या आहेत. "कोण?", "कधी?" हे अडचणीची जागा दाखवतात. "शुक्रवारी काय?" त्याहून नेमकं. "म्हणजे दुपारी?" यात तर ऐकणाऱ्याने उत्तर स्वतःच पुढे केलं, आता फक्त "हो" म्हणायचं.

रेखाने "अं?" चा अर्थ काय लावला, ते अठराव्या ओळीत बघा. केवळ ऐकू आलं नाही असं वाटलं असतं तर तिने "नैवेद्याला येईल" हेच मोठ्याने म्हटलं असतं. तिने "जेवायला" असा शब्दच बदलला. म्हणजे तिला वाटलं, शब्द कळला नाही किंवा खटकला. ताईला खरोखर काय वाटलं होतं ते आपल्याला ठाऊक नाही, आणि ते शोधायचंही नाही. आपला पुरावा पुढच्या ओळीत असतो, कुणाच्या मनात नाही.

८. निष्कर्ष लिहिताना

"रेखा अवघडली", "ताई नाराज झाली" अशी वाक्यं आली की ओळीचा क्रमांक मागा. ओळ दाखवता येत नसेल तर वाक्य काढा. "मराठी बायका एकमेकींना बोलू देत नाहीत" अशा विधानाला एक मिनिट काय, शंभर मिनिटंही पुरत नाहीत. पाळ्या भिडण्याची नुसती संख्या मोजून वर्चस्व ठरवायलाही जाऊ नका, चौथ्या टप्प्यात पाहिलं तसं बहुतेक भिडणं वाक्याच्या शेपटालाच असतं.

शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला तुमची ओळ न दाखवता तेच दहा सेकंद लिहायला सांगा. जिथे दोघांचं वेगळं येतं तिथे पुन्हा ऐका. तरीही ठरत नसेल तर शब्द कंसात ठेवा, अंदाजाने भरू नका.

पुढचं काम एकाच गोष्टीचा संग्रह करणं. फक्त "आपलं" घ्या, किंवा फक्त "अं?". अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमधून सापडतील तेवढी सगळी उदाहरणं, आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन ओळींसह, एकाखाली एक उतरवा. बारा भाषांच्या एका अभ्यासात समोरच्याने अडवून करून घेतलेली दुरुस्ती सरासरी दर १.४ मिनिटांना आढळली होती. तेव्हा अर्ध्या तासात तुम्हाला एकच "अं?" किंवा "काय?" सापडत असेल, तर पुन्हा ऐका. लिहिताना तुमच्या हाताने ती गाळलेली असण्याची शक्यता जास्त. संग्रहात नऊ उदाहरणं एका पद्धतीची आणि दहावं वेगळं निघालं, तर त्या दहाव्यापासून सुरुवात करा.